निळा दिवा लुकलुकतोय, पण फोनला स्पीकर दिसत नाही

प्रश्न: छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे, एकच बटण आणि एकच दिवा. माहितीपत्रक नाही. चालू केला की निळा दिवा लुकलुकतो, पण माझ्या फोनच्या यादीत तो येतच नाही. बटण कधी दोन सेकंद, कधी दहा सेकंद दाबून पाहिलं. दर वेळी वेगळंच काहीतरी होतं. सोबत चावीला लावायचा ट्रॅकर आहे, त्याला तर दिवाच नाही. वस्तू जोडणीला तयार आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर:

दिवा लुकलुकतोय म्हणजे स्पीकर पेअरिंगला तयार आहे, या समजुतीतच घोटाळा आहे. स्पीकर दोन वेगवेगळ्या कारणांनी वाट पाहत असतो आणि दोन्ही वेळा दिवा लुकलुकतो. पहिल्या अवस्थेत तो आधी जोडलेल्या फोनला शोधत असतो. त्या फोनचा पत्ता त्याच्या स्मृतीत असतो, म्हणून तो ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारावी तसा फक्त त्यालाच बोलावतो. आसपास कोणता नवा फोन शोध घेत असेल तर त्याला तो उत्तरच देत नाही. दुसऱ्या अवस्थेत तो सगळ्यांना उघड असतो. कोणताही फोन शोध घेऊ लागला की आपलं नाव कळवतो. खरं पेअरिंग म्हणजे ही दुसरी अवस्था. तुमच्या वर्णनावरून स्पीकर पहिल्या अवस्थेत अडकलेला दिसतो. त्यामुळे फोनवर यादी कितीही वेळा ताजी केली तरी तो तिथे येणार नाही.

या दोन अवस्था दिव्यावरून वेगळ्या ओळखता येतात, फक्त रंग पाहून भागत नाही. ब्लूटूथच्या मानकात दिव्याचा रंग किंवा लय ठरवून दिलेली नाही, ते उत्पादक ठरवतो. तरीही बहुतेक छोट्या स्पीकरांत चाल सारखीच सापडते. दर दोन-तीन सेकंदांनी एकदा मंद लुकलुक असेल तर तो जुना फोन शोधतोय किंवा रिकामा बसलाय. सेकंदाला दोन-तीनदा भरभर लुकलुक, किंवा लाल-निळा आळीपाळीने, असं असेल तर तो उघड आहे. दिवा स्थिर झाला तर जोडणी झाली. काही स्पीकरांत मात्र जोडणी झाल्यावरही दर पाच-दहा सेकंदांनी एक बारीक चमक येते, कारण सतत पेटता दिवा बॅटरी खातो. म्हणून एकटी मंद चमक पाहून निष्कर्ष काढू नका. आधीच्या मिनिटात काय चाललं होतं तेही लक्षात घ्या. भरभर लुकलुक थांबून दूरदूरच्या चमका सुरू झाल्या आणि मध्ये एखादा सूर वाजला, तर जोडणी झाली असं समजा. सूर न वाजता भरभर लुकलुक हळू झाली, तर पेअरिंगची मुदत संपली. ही मुदत बहुधा दोन-तीन मिनिटांची असते.

लाल रंगाबद्दल थोडं सावध राहायला हवं. अनेक छोट्या वस्तूंत एकाच खिडकीमागे दोन रंगांचे दिवे असतात. लाल आणि निळा एकत्र पेटले की जांभळट दिसतं, लाल आणि हिरवा एकत्र पेटले की पिवळट किंवा नारिंगी. म्हणजे जांभळा हा बहुधा तिसरा दिवा नसतो. दोघे एकाच क्षणी चालू आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय लाल रंग बॅटरी कमी असल्याची खूण म्हणूनही वापरतात. तेव्हा लाल-निळा दिसला की लाल ठरलेल्या लयीत निळ्याच्या जागी येतोय, की निळ्याच्या लयीशी संबंध न ठेवता मधूनच डोकावतोय, हे पाहा. पहिलं पेअरिंग, दुसरं बॅटरीची तक्रार.

डोळ्यांनी लय मोजणं कठीण जातं, म्हणून फोनने वीस सेकंदांचं चित्रण करून ते सावकाश चालवून पाहा. दोन चमकांमधलं अंतर, एका झुपक्यात किती चमका आहेत, रंग कोणत्या क्रमाने बदलतात, हे सगळं तिथे स्पष्ट दिसतं. लाल-हिरवा फरक ओळखायला अडचण असेल तर यात दुसऱ्या कुणाची मदत घेता येते. एक फसवी गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: डोळ्याला स्थिर दिसणारा दिवा चित्रणात थरथरताना दिसू शकतो. दिव्याची चमक कमी राखण्यासाठी त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. डोळ्याने स्थिर आणि कॅमेऱ्यात थरथर असेल तर त्याला स्थिरच म्हणायचं.

आता बटण. दर वेळी वेगळं होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण बहुधा बटण दाबून धरण्याच्या कालावधीत नसून त्याआधी स्पीकर कोणत्या अवस्थेत होता त्यात आहे. एकच बटण असलं की त्याच्यावर अनेक कामं लादलेली असतात आणि प्रत्येक अवस्थेत त्याचा अर्थ बदलतो. स्पीकर बंद असताना तीन सेकंद दाबलं तर तो चालू होतो. चालू असताना तेच तीन सेकंद म्हणजे बंद करणं. गाणं वाजत असताना एक छोटा दाब म्हणजे थांबवणं, दोन छोटे दाब म्हणजे अनेकदा पुढचं गाणं. जोडणी नसताना दोन छोटे दाब म्हणजे काही स्पीकरांत दुसऱ्या जुळ्या स्पीकरचा शोध. म्हणून प्रत्येक प्रयोग एकाच ठिकाणाहून सुरू करा: स्पीकर पूर्ण बंद, चार्जिंगची वायर काढलेली, दुसरी कोणतीही वायर किंवा मेमरी कार्ड आत नाही, दिवा विझलेला. बंद केल्यावर पाच सेकंद थांबा, कारण आतला प्रोसेसर बंद व्हायला क्षणभर घेतो आणि त्या क्षणी दाबलेलं बटण वाया जातं.

बटणाबद्दल दुसरी बारीक गोष्ट म्हणजे आदेश कधी लागू होतो. काही वस्तूंत ठरलेला काळ पूर्ण होताच, बोट बटणावर असतानाच, दिवा बदलतो किंवा सूर वाजतो. काहींत बोट उचलल्यावर, किती वेळ दाबलं होतं ते पाहून, काम होतं. पहिल्या प्रकारात दिवा बदलला की लगेच सोडायचं असतं. पुढे दाबून धरलं की पुढची पायरी लागू होते. दुसऱ्या प्रकारात दिवा काहीच सांगत नाही म्हणून माणूस दाबून धरतो आणि हवी ती पायरी ओलांडून जातो. दहा सेकंद दाबल्यावर स्पीकर नुसता बंद पडला किंवा सगळं पुसून नव्याने चालू झाला, तर पेअरिंगची पायरी मध्येच कुठेतरी मागे राहिली असण्याची शक्यता मोठी.

पायऱ्या शोधायला फोनवरचं स्टॉपवॉच समोर ठेवा. स्पीकर बंद करा. बटण दाबा आणि दाबून धरा, पंधरा सेकंदांपर्यंत, आणि प्रत्येक बदल कोणत्या सेकंदाला झाला ते मोठ्याने म्हणा. चित्रण चालू असेल तर ते आपोआप नोंदलं जातं. ही फेरी पेअर करण्यासाठी नाही, मोजण्यासाठी आहे. यात सगळ्या जुन्या जोडण्या पुसल्या जाऊ शकतात, पण तुमच्या बाबतीत तसं झालं तर बरंच. बोट ठेवलेलं असताना काहीच बदललं नाही तर वस्तू बोट उचलल्यावर काम करणारी आहे. मग तीन, पाच, आठ आणि बारा सेकंद अशा चार वेगळ्या फेऱ्या करा, प्रत्येक वेळी बंद अवस्थेतूनच, आणि बोट उचलल्यावर पुढचे वीस सेकंद काहीही न करता दिवा पाहा.

तुमच्या स्पीकरसारख्या वस्तूवर ही फेरी कशी दिसते ते एका उदाहरणाने सांगतो. बटण दाबलं, दुसऱ्या सेकंदाला चढता सूर आणि निळा दिवा आला. बोट उचललं नाही. सहाव्या सेकंदाला लाल-निळा आळीपाळीने सुरू झाला आणि एक छोटा वेगळा सूर वाजला. तरीही बोट ठेवलं. बाराव्या सेकंदाला दोन्ही रंग एकदम पेटून जांभळट झाले, तीनदा चमकले आणि सगळं विझलं. यावरून तीन पायऱ्या कळल्या: दोन सेकंदांना चालू, सहा सेकंदांना पेअरिंग, बारा सेकंदांना सगळं पुसून बंद. बदल बोट ठेवलेलं असतानाच होत असल्याने सोडायचा क्षणही कळला: लाल-निळा सुरू झाला की लगेच. तुम्ही आजवर दोन सेकंद दाबत होता तेव्हा स्पीकर फक्त चालू होऊन जुना फोन शोधत राहायचा, आणि दहा सेकंद दाबताना पेअरिंग कधीच सुरू झालेलं असायचं. पण तेव्हा बहुतेक जण फोनकडे न पाहता बटणाकडे पाहत असतात आणि काही होत नाही असं समजून पुन्हा दाबतात. त्या दुसऱ्या दाबाने पेअरिंग संपतं.

म्हणून खरी जोडणी करताना क्रम उलटा ठेवा. आधी फोनवर ब्लूटूथचं पान उघडा आणि नवीन उपकरण जोडायचा पर्याय दाबून शोध सुरू करा. अँड्रॉइडमध्ये तो बहुधा Pair new device या नावाने असतो. आयफोनमध्ये ब्लूटूथचं पान उघडं असेपर्यंत शोध आपोआप चालू राहतो. मग स्पीकर फोनपासून हातभर अंतरावर ठेवून बंद अवस्थेतून सहा सेकंद दाबा, लाल-निळा आला की सोडा आणि बटणाला पुन्हा हात लावू नका. यादीत नाव यायला पाच-दहा सेकंद लागू शकतात, कारण फोन आधी नावाशिवाय पत्ता पाहतो आणि मग नाव मागवतो. कधी कधी यादीत काही क्षण नुसते आकडे आणि अक्षरं दिसतात ती त्यामुळेच. नाव आलं की दाबा, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा.

जुन्या वस्तू पिन मागू शकतात. तो जवळजवळ नेहमी ०००० किंवा १२३४ असतो. २००७ मध्ये आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून स्क्रीन नसलेल्या वस्तूंना पिनची गरज उरली नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्या वस्तूला ना पडदा ना आकडे टाकायची सोय, तिला समोरचा फोन खरंच तुमचा आहे का हे तपासता येत नाही. पेअरिंग चालू असताना जो फोन आधी पोहोचेल तो जोडला जातो. बटण दाबणं हीच काय ती तुमची संमती. त्यामुळे पेअरिंगच्या वेळी आसपास दुसऱ्या कुणाच्या फोनवर शोध चालू नसावा, आणि एकाच वेळी एकच वस्तू उघडी असावी. एकसारख्या नावाचे दोन स्पीकर यादीत दिसले तर तुमचा स्पीकर बंद करा, शोध पुन्हा चालवा. जे नाव गेलं ते तुमचं.

यादीत एकाच स्पीकरची दोन नावं दिसणंही नवं नाही. एकाच्या मागे-पुढे LE किंवा BLE अशी अक्षरं असतात. ते नाव स्पीकरच्या ॲपसाठी, म्हणजे आवाजाचा पोत बदलणं वगैरे कामांसाठी असतं. तिथे जोडलं की फोन जोडलं गेल्याचं सांगतो, दिवा मात्र लुकलुकतच राहतो आणि आवाज फोनमधूनच येतो. तेव्हा त्या नावाची जोडणी काढून टाका आणि साध्या नावाला जोडा.

सगळं बरोबर करूनही जोडणी एका क्षणात तुटते किंवा पिन चुकीचा असल्याचा संदेश येतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत असं समजा. पेअरिंग होताना दोन्ही उपकरणं एक गुप्त किल्ली तयार करून आपापल्याकडे ठेवतात. पुढच्या वेळी ती ओळख पटवायला लागते. बारा सेकंद दाबून तुम्ही स्पीकरची किल्ली पुसली, पण फोनमध्ये जुनी नोंद तशीच राहिली, तर फोन जुनी किल्ली घेऊन जातो आणि स्पीकर तिला ओळखत नाही. उलटही होतं: फोनवरून नोंद काढली पण स्पीकरकडे जुनी किल्ली आहे. म्हणून पुसायचं तर दोन्हीकडचं पुसा. फोनमध्ये त्या नावाशेजारच्या तपशिलात जाऊन Forget किंवा Forget This Device दाबा, मग स्पीकरवर पुसण्याची पायरी करा, मग फोनचं ब्लूटूथ एकदा बंद-चालू करा, आणि त्यानंतरच पेअरिंग. काही स्पीकरांना टाचणी घालायचं बारीक भोकही असतं. तिथलं बटण बहुधा फक्त अडकलेला प्रोसेसर नव्याने चालू करतं, जोडण्यांची यादी पुसत नाही. त्यानंतर चालू केल्यावर पुन्हा तीच मंद निळी लुकलुक आली, तर यादी शाबूत आहे हे कळतं.

याहून वेगळी एक अडचण आहे जी दिव्यावरूनच पकडता येते. स्पीकर चालू केला, मंद लुकलुक सुरू झाली आणि तुम्ही काहीही न करता काही सेकंदांत दिवा स्थिर झाला. याचा अर्थ जवळपास कुठेतरी जुना जोडलेला फोन, टॅबलेट किंवा लॅपटॉप चालू आहे आणि त्याने स्पीकर पटकावला. छोट्या स्पीकरची पोहोच साधारण दहा मीटर असते, म्हणजे ते उपकरण शेजारच्या खोलीत, दप्तरात किंवा झोपलेल्या लॅपटॉपमध्येही असू शकतं. ते सापडत नसेल तर स्पीकर त्याच्यापासून लांब नेऊन पेअरिंग करा किंवा सगळं पुसून टाका.

जागेवरच अडवणारी कारणंही आहेत. ऑक्सची वायर खोचलेली असली की अनेक स्पीकर ब्लूटूथ बाजूला ठेवून वायरीवर जातात. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह आत असला की चालू होताच तेच वाजवू लागतात, आणि दिवा ब्लूटूथची नाही तर वाजवण्याची लय दाखवतो. चार्जिंग चालू असताना काही स्पीकर पेअरिंगच करत नाहीत. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर चालू होण्याचा सूर येतो, दिवा एकदोनदा चमकतो आणि सगळं विझतं. अशा वेळी बटणाचे प्रयोग करण्याआधी अर्धा तास चार्ज करा, म्हणजे मोजमाप खरं येईल. आणि एकाच जातीचे दोन स्पीकर एकत्र चालू केले तर ते कधी कधी एकमेकांनाच जोडून घेतात. मग एकाचा दिवा स्थिर होतो, दुसऱ्याचा लुकलुकत राहतो आणि यादीत एकच नाव दिसतं. जुळी जोडी हवी असेल तर हे ठीकच, आधी ते दोघे जोडून घ्या आणि मग फोन. नको असेल तर एक बंद ठेवून दुसऱ्याचं काम आटपा.

पायऱ्या एकदा कळल्या की कागदाच्या छोट्या पट्टीवर तीन आकडे आणि पेअरिंगचा रंग लिहून ती स्पीकरच्या तळाला चिकटवा.

ट्रॅकरची गोष्ट निराळी आहे. त्याला स्पीकरसारखं फोनला धरून बसायचं नसतं. तो नाण्यासारख्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालायचा असतो, म्हणून दिवा नसतोच, किंवा असला तरी क्षणभर चमकून विझतो. दिवा विझलेला म्हणजे वस्तू बंद, हा स्पीकरचा नियम इथे लावू नका. इथे सांगणारा असतो आवाज. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ट्रॅकर फोनच्या ब्लूटूथच्या पानावरून जोडायचा नसतो. तो त्याच्या ॲपमधून किंवा फोनवर आपोआप वर येणाऱ्या कार्डातून जोडला जातो, कारण तिथे जोडणीबरोबर तो तुमच्या खात्यावरही नोंदला जातो. ब्लूटूथच्या यादीत त्याचं नाव दिसत नाही म्हणून तो बिघडलाय असं समजून पुसायच्या पायऱ्या करू नका.

नवा ट्रॅकर असेल तर बॅटरीजवळची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा. एक सूर वाजला पाहिजे. मग फोन उघडा ठेवून ट्रॅकर त्याला जवळजवळ टेकवा आणि कार्ड वर येण्याची वाट पाहा. बटण असलेल्या ट्रॅकरला पट्टी काढल्यावर बटण एकदा दाबावं लागतं, काहींना सूर वाजेपर्यंत दाबून धरावं लागतं. अँड्रॉइडवर कार्ड किंवा ॲप काहीच दाखवत नसेल तर दोन परवानग्या पाहा: लोकेशन चालू आहे का, आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून लागणारी Nearby devices ही परवानगी त्या ॲपला दिलीय का. ती नाकारलेली असेल तर ट्रॅकर कितीही ओरडून सांगत असला तरी ॲपला ऐकू येत नाही. जोडायचा ट्रॅकर कोणत्या जाळ्याचा आहे तेही आधी पाहून घ्या. ॲपलच्या जाळ्यातला एअरटॅग जोडायला आयफोन किंवा आयपॅडच लागतो, अँड्रॉइडवरून तो नोंदवता येत नाही.

एअरटॅगला बटणच नाही, तिथे बॅटरी हेच बटण. त्याला मूळ अवस्थेत आणायचा क्रम असा: पाठीमागचं चकचकीत झाकण दाबून, डावीकडे फिरवून काढा, बॅटरी काढून पुन्हा बसवा आणि सूर वाजेपर्यंत दाबून ठेवा. सूर संपला की बॅटरी काढा आणि हेच आणखी चार वेळा करा. एकूण पाच सूर होतात आणि पाचवा आधीच्या चारांपेक्षा वेगळा असतो. तो वेगळा सूर ऐकू आला तरच काम झालं. बॅटरी काढल्या-बसवल्यावर पहिला सूर तर आधीच जोडलेल्या एअरटॅगलाही येतो, म्हणून एका सुरावरून तो नव्याने जोडायला तयार आहे असं ठरवू नका. बटणवाल्या ट्रॅकरांत पुसण्याची रीत अनेकदा काही छोटे दाब आणि शेवटी एक लांब दाब अशी असते. तिथेही शेवटच्या सुराचा वेगळेपणा हीच खूण आणि शेवटचा दाब सूर संपेपर्यंत धरून ठेवायचा.

सूर अर्धवट तुटत असेल, किंवा चालू होण्याचा सूर पुन्हापुन्हा वाजत असेल, तर आधी बॅटरीवर संशय घ्या. बहुतेक ट्रॅकर तीन व्होल्टची सीआर २०३२ वापरतात. थकलेली बॅटरी मीटरवर ठीक दिसते, पण सूर वाजवताना किंवा रेडिओ चालू होताना तिच्यावर भार आला की व्होल्टेज कोसळतं, ट्रॅकर बंद पडून पुन्हा चालू होतो, पुन्हा सूर वाजवायला जातो. अगदी नव्या बॅटरीनेही एअरटॅग गप्प राहिला तर तिच्यावर कडवट लेप आहे का पाहा. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या तो लावतात आणि एअरटॅगच्या टोकांना त्यामुळे नीट स्पर्श मिळत नाही. एअरटॅगमध्ये अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा.

हे सगळं केल्यावर ट्रॅकर खरोखर जोडला गेला का, हे पाहायला ॲपमधून त्याला वाजवा, आणि मग दहा-पंधरा पावलं लांब जाऊन पुन्हा वाजवा. जवळून वाजतो आणि लांबून वाजत नाही तर तो धातूच्या डबीत, जाड पाकिटात किंवा चाव्यांच्या गठ्ठ्याखाली आहे का बघा. मात्र ट्रॅकर आधी दुसऱ्या कुणाचा असेल आणि जोडताना फोन तो दुसऱ्या खात्याशी जोडलेला असल्याचं सांगत असेल, तर बटणाने किंवा बॅटरीने काही होणार नाही. ती नोंद ट्रॅकरमध्ये नसून कंपनीच्या सर्व्हरवर आहे. पाच सूर वाजवून ट्रॅकर मोकळा होतो, मालकी मात्र सुटत नाही. जुन्या मालकानेच आपल्या खात्यातून तो काढून टाकायला हवा, आणि तोवर तुमच्या खात्यावर तो नोंदला जाणार नाही.